चौदा दिवस फोन बंद, मग संगणकावरील व्हॉट्सअॅपही बंद

– प्रतिनिधी

कार्यालयातील संगणकावर व्हॉट्सअॅप रोज सुरळीत चालते आणि एके दिवशी सकाळी संवादांची यादी नाहीशी होऊन तिच्या जागी क्यूआर कोडचा चौकोन दिसू लागतो. कोणी लॉगआऊट केलेले नसते, इंटरनेटही चालू असते. अशा वेळी दोष संगणकाचा समजला जातो. प्रत्यक्षात कारण बहुधा त्या खात्याच्या मुख्य फोनमध्ये असते. फोनवरील व्हॉट्सअॅप १४ दिवसांपेक्षा अधिक काळ वापरले गेले नाही, तर त्या खात्याला जोडलेली सर्व उपकरणे आपोआप बाहेर काढली जातात.

या नियमाबाबत दोन टोकांचे गैरसमज आहेत. फोन सतत इंटरनेटवर हवा, असे काहींना वाटते; तर एकदा संगणक जोडला की फोनची गरज संपली, असे इतरांना वाटते. पहिली समजूत पूर्वी खरी होती. जानेवारी २०१५ मध्ये व्हॉट्सअॅपची वेब आवृत्ती आली तेव्हा संगणकाचा पडदा हा फोनचा केवळ आरसा होता. प्रत्येक संदेश फोनमार्गेच येत-जात असे आणि फोनची बॅटरी संपली की संगणकावरील कामही त्याच क्षणी थांबत असे. जुलै २०२१ मध्ये कंपनीने नव्या रचनेची चाचणी जाहीर केली. या रचनेत मुख्य फोनखेरीज चार उपकरणे जोडता येतात आणि ती सर्व्हरशी स्वतंत्रपणे बोलतात. एप्रिल २०२३ पासून त्यांत दुसऱ्या फोनचाही समावेश करता येऊ लागला.

फोनची गरज का उरली?

नव्या रचनेत प्रत्येक उपकरणाची स्वतःची सांकेतिक किल्ली असते. आपल्याला कोणी संदेश पाठवला, की पाठवणाऱ्याचे अॅप आपल्या प्रत्येक उपकरणासाठी त्या संदेशाची वेगळी कुलूपबंद प्रत तयार करते. त्यासाठी आपली उपकरणे कोणती, याची यादी त्याला हवी असते. ही यादी सर्व्हर पुरवतो. पण केवळ सर्व्हरवर भिस्त ठेवली, तर यादीत एखादे परके उपकरण घुसवून संदेश वाचण्याचा मार्ग मोकळा होईल. म्हणून यादीवर खातेदाराच्या मुख्य फोनची डिजिटल स्वाक्षरी लागते. क्यूआर कोड स्कॅन करताना नेमके हेच घडते: हा संगणक माझा आहे, अशी ग्वाही फोन देतो आणि संगणक आपल्या किल्लीने ती मान्य करतो.

ही ग्वाही देण्याचा अधिकार संगणकाला नाही आणि सर्व्हरलाही नाही. तो फक्त फोनकडे आहे. फोन दीर्घकाळ गप्प राहिला, तर तो हरवला आहे, चोरीस गेला आहे की मालकाने टाकून दिला आहे, हे दूरच्या संगणकाला कळू शकत नाही. नको असलेले उपकरण काढून टाकण्याची यादीही सर्वप्रथम फोनवरच पाहिली जाते. त्यामुळे मालकाचा ताबा असल्याची खूण मिळेनाशी झाली, की जुन्या जोडण्या तशाच चालू ठेवण्याऐवजी त्या तोडल्या जातात.

एक उदाहरण

समजा, एका गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयाचा फोन कपाटात ठेवलेला आहे आणि सारा व्यवहार संगणकावरून चालतो. १ जूनला फोनची बॅटरी संपली. त्यानंतर दोन आठवडे संगणकावर संदेश येत राहतील. सभासदांना आपल्या संदेशापुढे दोन खुणा दिसतील, कारण कोणत्याही एका जोडलेल्या उपकरणावर संदेश पोहोचला तरी दुसरी खूण उमटते. म्हणजे फोन बंद असल्याचा सुगावा कोणालाच लागत नाही. १६ जूनच्या सुमारास संगणक बाहेर फेकला जाईल आणि तेथील संवाद दिसेनासे होतील. पुढच्या संदेशांना एकच खूण दिसू लागेल.

खरा धोका यापुढे आहे. फोनसाठीच्या प्रती सर्व्हरवर कुलूपबंद अवस्थेत थांबलेल्या असतात, पण न पोहोचलेला संदेश तेथे फक्त ३० दिवस राहतो. २० जूनला फोन चार्ज करून इंटरनेटला जोडला, तर १ जूनपासूनचे संदेश त्यावर उतरतील. संगणक पुन्हा जोडल्यावर फोन त्याला अलीकडचे संवाद देईल. मात्र फोन १० जुलैला चालू झाला, तर जूनच्या पहिल्या दहा दिवसांतील संदेशांची मुदत संपलेली असेल. संगणकावरील प्रत लॉगआऊटबरोबर गेली आणि फोनची प्रत सर्व्हरवरून गेली, अशा दुहेरी नुकसानीत त्या दिवसांतील पावत्या व तक्रारी कायमच्या हातच्या जातील.

कारण कसे ओळखावे?

एकाच संगणकावरून बाहेर पडला असाल आणि इतर उपकरणे चालू असतील, तर कारण त्या संगणकातच शोधावे. ब्राउझरचा साठवलेला तपशील पुसला गेला असेल किंवा खासगी खिडकीत व्हॉट्सअॅप उघडले असेल. सर्व उपकरणे एकदम बाहेर पडली असतील, तर फोन शेवटचा केव्हा वापरला ते पाहावे. तोच क्रमांक नव्या फोनवर नोंदवला असल्यासही जुन्या जोडण्या तुटतात, कारण नवा फोन नव्या किल्लीसह सुरू होतो. फोनवरील व्हॉट्सअॅपच बाहेर पडले असेल, तर मात्र क्रमांक दुसऱ्या कोणी नोंदवल्याची शक्यता गृहीत धरून तत्काळ पुन्हा नोंदणी करावी.

भारतात आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी संदेश सेवांना दिलेल्या निर्देशांत, अॅप नोंदणीच्या सिमकार्डाशी सतत जोडलेले असावे आणि वेब आवृत्ती जास्तीत जास्त सहा तासांनी लॉगआऊट व्हावी, असे म्हटले होते. अंमलबजावणीसाठी ९० दिवसांची मुदत होती. दिवसातून वारंवार होणारे लॉगआऊट आणि १४ दिवसांच्या नियमाने होणारे लॉगआऊट यांची कारणे वेगळी आहेत, हे विसरू नये.

काय करावे?

फोन घरात चालू आहे, एवढे पुरेसे मानू नये. बॅटरी वाचवण्याची सोय अनेक फोनांत पार्श्वभूमीतील अॅप थांबवते. आठवड्यातून एकदा फोन वाय-फायला जोडून व्हॉट्सअॅप उघडावे आणि नवे संदेश उतरेपर्यंत थांबावे. त्याच वेळी `Linked devices` या पानावर प्रत्येक उपकरण शेवटचे केव्हा सक्रिय होते ते पाहावे आणि अनोळखी उपकरण तेथूनच काढून टाकावे.

फोन दुरुस्तीला जाणार असेल, तर आधी संवादांचा बॅकअप घ्यावा. दुरुस्ती दोन आठवड्यांहून लांबली, तर सिमकार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालून तेथे बॅकअपसह नोंदणी करता येते. पण बॅकअपनंतर केवळ संगणकावर आलेले संदेश त्यात नसतात. म्हणून महत्त्वाची कागदपत्रे व छायाचित्रे चौदावा दिवस उजाडण्यापूर्वीच संगणकावर वेगळी उतरवून ठेवावीत.