अर्न-आउट व विलंबित मोबदला

धंदा विकताना किमतीचा जो भाग नंतर मिळतो तो विलंबित मोबदला. तो पुढील नफ्याच्या अटीवर अवलंबून असेल तर अर्न-आउट. समजा, भाईंदर पूर्वेतील स्टीलच्या भांड्यांच्या एका खासगी कंपनीचे सगळे शेअर परदेशी कंपनी 8 कोटींना मागते : 5 कोटी आज, 3 कोटी तीन वर्षांच्या नफ्यावर. हा प्रस्ताव असाच चालणार नाही. फेमाखालील 2019 च्या नियमांनुसार परदेशी खरेदीदाराला एकूण मोबदल्याच्या 25 टक्क्यांपर्यंतच रक्कम मागे ठेवता येते, तीही करारापासून 18 महिन्यांत द्यावी लागते. म्हणजे येथे 6 कोटी आधी हवेत.

मालकाने सर्वांत जपावी ती नफ्याची व्याख्या. ताबा गेल्यावर मुख्यालयाचा खर्च या कंपनीच्या खात्यावर टाकला, की विक्री वाढूनही नफा आटतो. कोणते खर्च वगळायचे, हिशेब कोण तपासणार, हे करारातच लिहून घ्यावे.

नफ्यावर अवलंबून असलेली, अद्याप न मिळालेली रक्कम विक्रीच्या वर्षी करपात्र नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये एका प्रकरणात म्हटले. ठरलेल्या, फक्त उशिरा मिळणाऱ्या हप्त्याला मात्र हा आधार गृहीत धरू नये.