ट्राएज, मनोविकारांच्या आणीबाणीतील

कॅज्युअल्टीत आलेल्या मनोरुग्णांपैकी कोणाला आधी आणि किती वेळात तपासायचे, हे ठरवण्याची पद्धत. बंगळूरूच्या निम्हान्समध्ये मनोविकार, मेंदूविकार आणि मेंदूशस्त्रक्रिया यांच्या तातडीच्या सेवा एकाच आवारात मिळतात. ही जवळीक महत्त्वाची आहे, कारण बरळणारा माणूस मनोरुग्ण आहे की डोक्याला मार लागलेला, हे दारातून दिसत नाही. रुग्णाची निकड रंगाने दाखवणाऱ्या तक्त्याचा एक परिचित नमुना ऑस्ट्रेलेशियन ट्राएज श्रेणीचा आहे. तिच्यातील पाच पायऱ्यांना रुग्णालये सोयीने रंग देतात. जिवाला निश्चित धोका असेल, म्हणजे हाती शस्त्र किंवा नुकताच आत्मघाताचा गंभीर प्रयत्न, तर लाल: तत्काळ आणि सतत नजरेखाली. अतिशय अस्वस्थ, अंगावर धावणारा किंवा गोंधळलेला रुग्ण नारिंगी, 10 मिनिटांत. आत्महत्येचे विचार असलेला किंवा तीव्र भ्रम असलेला पिवळा, 30 मिनिटांत. शांत पण त्रासलेला हिरवा, 60 मिनिटांत. औषध संपले म्हणून आलेला निळा, 120 मिनिटांत.

रंग आरडाओरड्यावर ठरवणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक. समजा, पन्नाशीच्या गृहस्थांना घरचे ‘वेड लागलंय’ म्हणून आणतात. दारू सोडून तीन दिवस झालेत, हात थरथरतात, अंगाला घाम आहे, भिंतीवर किडे दिसतात, आज कोणता वार ते सांगता येत नाही. तक्ता वरवर वाचला तर ‘भ्रम’ म्हणून पिवळा रंग मिळेल. पण नर्सने नाडी, ताप, रक्तदाब, ऑक्सिजन आणि साखर पाहिली, तर नाडी 124 आणि ताप 38.4 अंश सेल्सिअस निघतो. वारही न सांगता येणे आणि शुद्ध कमीजास्त होणे ही मेंदूच्या शारीरिक बिघाडाची खूण आहे. हा दारू सोडल्याने झालेला डेलिरियम आहे आणि त्यात प्राण जाऊ शकतो. म्हणून रंग नारिंगी. झटका आला तर लाल. डोक्याला मार लागलेला नाही ना, हे पाहून लोराझेपाम किंवा डायझेपाम, आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यावे. नुसते हॅलोपेरिडॉल टोचून माणूस शांत केला, तर झटक्याचा धोका वाढतो आणि मूळ आजार तसाच राहतो.

गर्दीत ही वेळ पाळता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. मात्र ती पहिल्या वैद्यकीय तपासणीची मर्यादा आहे, उपचार पुरे होण्याची नव्हे. ती टळली, तर ताटकळणाऱ्याची पुन्हा नोंद घ्यावी, कारण पिवळा रुग्ण बाकावर बसल्याबसल्या लाल होऊ शकतो. दुसरा आक्षेप असा की रंगामुळे माणसावर ‘धोकादायक’ असा शिक्का बसतो. हे टाळायचे तर रुग्णाच्या रंगपट्टीवर निदान लिहू नये, फक्त निकड दाखवावी. लाल रंग म्हणजे बांधून ठेवण्याचा परवानाही नव्हे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच आणि मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने बांधता येते. एकांतकोंडी निषिद्ध आहे. याच कायद्याच्या कलम 94 खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर आणीबाणीचे उपचार सुरू करू शकतो, तेही सर्वसाधारणपणे कमाल 72 तास, आणि त्यात विद्युतझटक्यांना मनाई आहे.