प्ले स्टोअरचा रिव्ह्यू 500 कॅरेक्टरमध्ये कसा बसवाल?

प्ले स्टोअरवर रिव्ह्यूला 500 कॅरेक्टरची मर्यादा आहे. मराठीत ती लवकर संपते, कारण मात्रा आणि पाय मोडल्याची खूणही वेगळी मोजली जाते. ‘स्क्रीन’ म्हणजे दोन अक्षरं, पण सात कॅरेक्टर!

म्हणून आधी निकाल लिहा, मग कारण. प्रस्तावना आणि वैताग कापा. समजा, तुम्ही लिहिलंय:

“मोठ्या अपेक्षेने ॲप घेतलं, पण माझ्या अँड्रॉइड 14 फोनवर नेट गेलं की नोट सेव्हच होत नाही, फार डोक्याला ताप!”

त्याचं छोटं रूप:

“ऑफलाइन वापरायला घेऊ नका. नेट नसताना नोट सेव्ह होत नाही (अँड्रॉइड 14).”

यातलं ‘नेट नसताना’ मात्र कापू नका. ते गेलं तर नोट कधीच सेव्ह होत नाही असा अर्थ निघतो, आणि रिव्ह्यू खोटा ठरतो.