‘पैसे कटले, पोचले नाहीत’: नेट बँकिंगचे प्रश्न तीन भाषांत लिहिताना

अकोला-अमरावतीकडच्या ग्राहकांसाठी नेट बँकिंगच्या प्रश्नोत्तरांचं पान करताना मी आधी इंग्रजी मजकूर लिहिला आणि मग मराठी-हिंदी केली. तिथेच चुकलं. ‘व्यवहार अयशस्वी झाल्यास’ असं कोणी शोधत नाही. आपल्याकडे लोक ‘पैसे कटले, पोचले नाहीत’ म्हणतात. मग तोच प्रश्न ठेवला. ‘लाभार्थी’ही काढला, कारण वऱ्हाडात लाभार्थी म्हटलं की सरकारी योजनाच आठवते. त्याजागी ‘ज्याला पैसे पाठवायचे तो’ आलं.

खरी अडचण मुदतीची होती. समजा, शुक्रवारी रात्री अकोल्याहून अमरावतीच्या होस्टेलवर राहणाऱ्या भावाला IMPS ने ४,५०० रुपये पाठवले. तुमचे कटले, पण त्याच्या खात्यात जमा होऊ शकले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ते शनिवार संपेपर्यंत आपोआप परत यायला हवेत. नाही आले, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई. इंग्रजीत याला ‘T+1’ म्हणतात, जे कोणालाच कळत नाही. हिंदीत मी ‘कल तक’ लिहिलं होतं. पण ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही! शेवटी तिन्ही भाषांत वाराचं हेच उदाहरण टाकलं. खाली एक ओळ जोडली: खाते क्रमांक चुकून पैसे दुसऱ्याच्याच खात्यात जमा झाले, तर हा नियम लागू नाही. तेव्हा लगेच बँकेला कळवा.

मर्यादेचं उत्तर छोटं आहे. IMPS ला एका वेळी ५ लाखांपर्यंत, RTGS ला किमान २ लाख. पण तुमची बँक स्वतःची कमी मर्यादा लावू शकते, आणि नवीन खातं जोडल्यावर सुरुवातीचे काही तास तर बऱ्याचदा लावतेच. म्हणून ‘रक्कम का जात नाही?’ याचं उत्तर आकड्याने सुरू न करता ‘नवीन खातं आत्ताच जोडलंय का?’ इथून सुरू केलं.

फसवणुकीचं उत्तर मात्र मी पानात सगळ्यात वर नेलं. आधीच्या मसुद्यात ‘फसवणूक म्हणजे काय’ यावर चार ओळी होत्या. ज्याचे पैसे आत्ता गेलेत, तो त्या कशाला वाचेल? आता पहिली ओळ ‘१९३० वर फोन करा’ आणि दुसरी बँकेचा नंबर. तो पानावरच दिला, कारण घाबरलेला माणूस गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधतो आणि तिथे दुसराच ठग भेटतो. मग cybercrime.gov.in वर तक्रार. फोन करताना व्यवहाराचा UTR क्रमांक, वेळ आणि रक्कम जवळ ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत ते अडवता आले तरच हाती लागतात.

ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर लोक लाजेने गप्प बसतात. त्यांच्यासाठी वेगळा प्रश्न ठेवला: ‘चूक माझीच होती, तरी कळवू का?’ हो. २०१७ च्या नियमानुसार बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर होणारं बँकेचं. तक्रार क्रमांक मात्र मागून घ्याच.