उजवीकडून वाचायचा संदेश

चंद्रपूरहून निघालेली ±500 किलोव्होल्टची एकदिश वीजवाहिनी सुमारे 750 किलोमीटर येऊन भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याच्या केंद्रात उतरते. तिची क्षमता 1500 मेगावॅट आहे आणि ती दोन पोलमध्ये विभागलेली आहे, म्हणजे प्रत्येक पोलवर 750. भारतीय ग्रिडमध्ये दिवसाचे वेळापत्रक पंधरा मिनिटांच्या ब्लॉकमध्ये आखतात, त्यामुळे एका दिवसाचे 96 ब्लॉक होतात. पडघ्याला उतरणाऱ्या एका दिवसाच्या विजेचा तक्ता नमपायमध्ये मांडला, तर 96 ओळी आणि 2 स्तंभ मिळतात. प्रत्येक ब्लॉकचा दर वेगळ्या यादीत आहे असे धरून तक्त्याला त्या यादीने गुणले, तर पायथन थांबतो:

```
>>> P.shape, dar.shape
((96, 2), (96,))
>>> P * dar
ValueError: operands could not be broadcast together with shapes (96,2) (96,)
```

दोन्हीकडे 96 दिसत असताना गणकयंत्र अडते, म्हणून अनेकांना हा संदेश अन्यायकारक वाटतो. पण त्या एका ओळीमागे जवळजवळ अर्ध्या शतकाची वाटचाल आहे, आणि ती कळली की दुरुस्ती कुठे करायची हेही कळते. दोन आकार जुळत नाहीत हे संदेश नेमके सांगतो. त्या आकारांचा अर्थ काय, हे तो सांगत नाही आणि त्याला सांगताही येणार नाही. माझा सगळा मुद्दा या फरकाचा आहे.

संपूर्ण तक्त्यावर एकदम गणित करणाऱ्या भाषांच्या कुळाचा मूळपुरुष एपीएल. केनेथ आयव्हर्सन यांचे पुस्तक 1962 साली आले आणि 1966 मध्ये ही भाषा आयबीएमच्या 360 यंत्रांवर चालू लागली. तिथे नियम कडक होता: एकच संख्या असेल तर ती संपूर्ण तक्त्याला लावता येईल, एरवी दोन्ही बाजूंचे आकार सारखेच हवेत. ते नसले की `LENGTH ERROR` किंवा `RANK ERROR` असे दोन शब्द उमटत, आणि चुकलेल्या ओळीखाली ती जागा दाखवणारी खूण. आकार मात्र माणसाने स्वतः शोधायचे. 1995 साली जिम ह्युगुनिन यांनी पायथनसाठी न्यूमेरिक लिहिले, तोवर नियम सैल झाला होता. आता प्रत्येक अक्ष वेगळा तपासला जाई आणि ज्या अक्षाची लांबी 1 असेल तो दुसऱ्याइतका ताणला जाई. नियमाची ताकद वाढली, पण संदेश एपीएलहूनही मुका झाला: `frames are not aligned`. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांच्या नमपायची 1.0 आवृत्ती 2006 साली आली, आणि सुरुवातीच्या नमपायमध्ये आकार जुळत नाहीत एवढेच सांगणारे वाक्य होते. 2011 च्या 1.6 आवृत्तीत मार्क वीब यांनी अ‍ॅरेवरून फिरणारी यंत्रणा नव्याने बांधली आणि दोन्ही आकार थेट संदेशात दिसू लागले. या कुळातला सर्वात उपयोगी बदल मी हाच मानतो, कारण त्याने निदानाचा निम्मा भाग संदेशातच आणून ठेवला.

उरलेला निम्मा भाग वाचण्याच्या दिशेत आहे. नमपाय आकार उजव्या टोकापासून जुळवतो. `(96,2)` आणि `(96,)` एकाखाली एक, उजवीकडे टेकवून लिहिले की 2 च्या खाली 96 येतो. ते समान नाहीत आणि त्यांतला एकही 1 नाही, म्हणून गाडी तिथेच अडते. डावीकडचा 96 रिकाम्या जागेच्या वर उभा असतो, त्याची तुलनाच होत नाही. याउलट पोलच्या क्षमतेची `[750, 750]` ही यादी `(2,)` आकाराची असल्याने विनातक्रार चालते आणि प्रत्येक पोल किती भरला आहे ते मिळते. हा निसर्गनियम नव्हे. आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांनी 1990 च्या सुमारास केलेल्या जे या भाषेत आकार डावीकडून जुळवतात. तिथे आपला दर सरळ लागला असता आणि क्षमतेची यादी अडली असती. दोन्हींनी एकेक दिशा निवडली आणि ती पाळली.

नमपायमध्ये दुरुस्ती म्हणजे दराला उजवीकडे एक लांबीचा अक्ष देणे:

```
P * dar[:, np.newaxis]     # (96,2) * (96,1)
```

आता 2 खाली 1 येतो, तो ताणला जातो, आणि प्रत्येक ब्लॉकचा दर त्याच ब्लॉकच्या दोन्ही पोलना लागतो. घाईत लोक दुसरी वाट धरतात: `P.reshape(2, 96) * dar`. तीही चालते, आणि म्हणूनच ती वाईट. `reshape` ओळी-स्तंभांची अदलाबदल करत नाही, आकडे साठवणीत ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने ते नव्या चौकटीत ओततो. परिणामी पहिल्या ओळीत पहिल्या 48 ब्लॉकचे दोन्ही पोल आलटून पालटून बसतात, आणि दुपारी बाराच्या विजेला मध्यरात्रीचे दर लागतात. अदलाबदल हवी असेल तर `P.T` लिहावे. त्रुटी नाहीशी झाली म्हणजे हिशेब बरोबर झाला असे नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. `(96,2)` आणि `(96,)` जुळवण्याची एकच शक्यता उरते, मग यंत्राने ती ओळखून पुढे का जाऊ नये? कारण आकडे बदलले की ती खात्री उरत नाही. चंद्रपूर आणि पडघा ही दोन टोके ओळींत, दोन पोल स्तंभांत, असा 2×2 तक्ता घ्या. आकडे उदाहरणापुरते आहेत. पडघ्याच्या मीटरला 1.02 ने दुरुस्त करायचे आहे:

```
P = np.array([[700, 600],
              [665, 570]])
k = np.array([1.00, 1.02])   # चंद्रपूर, पडघा
P * k
```

त्रुटी येत नाही. पण 1.02 पडघ्याच्या ओळीला न लागता दुसऱ्या पोलच्या स्तंभाला लागतो. चंद्रपूरचे 600 विनाकारण 612 होतात आणि पडघ्याचे 665, जे 678.3 व्हायला हवे होते, तसेच राहतात. खालच्या कोपऱ्यात मात्र 570 चे 581.4 होतात, जे योग्यच आहे. त्याच एका चौकटीवर पडताळणी केली तर चूक दिसणारच नाही. अंदाज करणारे यंत्र 96 च्या तक्त्यावर बरोबर आणि 2 च्या तक्त्यावर मनमानी ठरले असते. एकाच दिशेने चालणारा नियम अडतो तिथे स्पष्ट अडतो, आणि जिथे अडत नाही तिथे काय करील हे आधी सांगता येते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: मुळात लांबीवरून अक्ष ओळखणेच चूक, अक्षांना नावे हवीत. हे मला पटते. एक्सअ‍ॅरे या पायथनच्या ग्रंथालयात प्रत्येक अक्षाला नाव देता येते आणि गुणाकार नावावरून जुळतो. तिथे टोक आणि पोल यांची गल्लत वरच्यासारखी होणार नाही. पण नावे देण्याचे काम माणसाचेच, आणि साध्या नमपायमध्ये ते काम `k[:, np.newaxis]` लिहिताना मनात करावे लागते: हा अक्ष टोकांचा, तो पोलचा. ते काम चुकले आणि `(96,1)` मधून `(96,)` वजा केले तर कोणतीही तक्रार न होता 96×96 चा, म्हणजे 9216 चौकटींचा तक्ता तयार होतो. तो लगेच पकडायचा असेल तर उत्तर `fal` मध्ये ठेवून गणितानंतरच्या ओळीत `assert fal.shape == (96, 1)` असे लिहावे, म्हणजे मूक चूकही संदेश देऊन थांबेल.