पांढरी सहा, पण कोणत्या सालची?

शिरोळच्या आमच्या घरी भजनी मंडळातली एक जुनी पेटी आहे. गेल्या सुट्टीत सहज म्हणून मोबाइलवरचा ट्यूनर चालू केला आणि तिची पांढरी सहा दाबली. ट्यूनरने स्वर २० सेंट कमी दाखवला. मी वहीत लिहून टाकलं, ‘पेटी जुनी, सूर उतरलेत.’ परत आल्यावर मार्गदर्शकांनी ती ओळ वाचली आणि एवढंच विचारलं, ‘उतरलेत, पण कशापासून?’

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर जुन्या वस्तू मोजताना हाच खड्डा तुमच्याही वाटेत येणार आहे.

आधी पांढरी सहाचं पाहू. आपण जिला पांढरी सहा म्हणतो, तोच पाश्चात्त्यांचा ‘ए’ स्वर. तुम्ही सिम्फनी ऑर्केस्ट्रा पाहिला असेल तर आठवेल: सुरुवातीला एक वादक लांब स्वर धरतो आणि बाकीचे सगळे त्याला आपापलं वाद्य मिळवतात. तो स्वर ‘ए’च का? कारण व्हायोलिन, व्हियोला, चेलो आणि डबल बास या चारही तंतुवाद्यांत ‘ए’ची एक तार मोकळीच असते. बोट न ठेवता ती छेडता येते आणि खुंटी पिळून लगेच मिळवता येते. स्वर धरणारा बहुधा ओबोवादक असतो. ओबो हे आपल्या सनईसारखं दुहेरी पत्तीचं वाद्य. त्याचा आवाज गर्दीतून आरपार ऐकू येतो आणि त्याचा सूर ऐनवेळी फारसा वरखाली करता येत नाही. जो हलू शकत नाही, त्याच्याशी बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं, असा साधा व्यवहार आहे.

आपल्या बैठकीत ही अडचण फारशी नसते. गायक आपला षड्ज सांगतो, तंबोरे त्याला मिळतात. पण पन्नास-साठ वाद्यं, त्यातली अनेक कारखान्यात ठरलेल्या लांबीची, एकत्र वाजायची तर एक स्वर आधीच ठरलेला लागतो. आता गंमत बघा. ‘ए’ला मिळवायचं हे ठरलं, तरी ‘ए’ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, हे मात्र शतकानुशतकं बदलत राहिलं.

हे आपल्याला कळलं कसं? नादकाट्यांमुळे. नादकाटा, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतला ट्यूनिंग फोर्क, १७११ च्या सुमारास लंडनच्या जॉन शोर या वादकाने बनवला. पोलादी काटा जपून ठेवला तर शंभर वर्षांनीही जवळपास तोच स्वर देतो. अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने असे जुने काटे शोधून मोजले आणि १८८० मध्ये त्यांचा इतिहास मांडला. हँडेल या संगीतकाराचा काटा ४२२.५ हर्ट्झ भरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनच्या फिलहार्मोनिक मैफलींत मात्र ‘ए’ सुमारे ४५२ वर पोचला होता. एका अर्धस्वराचे १०० सेंट धरले, तर हा फरक सुमारे ११७ सेंटचा होतो. (ही सेंटची मोजणीही एलिस यांचीच.) म्हणजे काळी एकमध्ये बसवलेलं गाणं पांढरी दोनच्याही थोडं वर गावं लागावं! चढा सूर जास्त झळाळतो म्हणून वादक वर सरकत गेले, आणि ताण आला तो गायकांच्या गळ्यावर.

म्हणून १८५९ मध्ये फ्रेंच सरकारने समिती नेमून कायदाच केला. समितीत रॉसिनी आणि बर्लिओझसारखे संगीतकार होते, लिसाजूंसारखे भौतिकशास्त्रज्ञही होते. पॅरिसच्या ऑपेरात तेव्हा ४४८ वाजत होता, तो ४३५ वर आणायचं ठरलं. पण कायद्यातली एक अट लक्षात ठेवा: ४३५, *१५ अंश सेल्सिअस तापमानाला*.

पुढची सगळी गंमत त्या अटीत आहे. हवा तापली की त्यात ध्वनीचा वेग वाढतो आणि फुंकून वाजवायच्या वाद्यांचा सूर चढतो. १८९६ मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिकने फ्रेंच माप स्वीकारायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी हिशेब केला की मैफलीचं सभागृह १५ नाही, २० अंशांच्या आसपास असतं. हा हिशेब तुम्हीही करून पाहा. ध्वनीचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो:

४३५ × √(२९३ ÷ २८८) ≈ ४३८.८

म्हणून लंडनचा आकडा झाला ४३९. कागदावर ४३५ आणि ४३९ वेगळे दिसतात, पण हेतू एकच स्वर धरायचा होता. तापमानाचा रकाना गाळून कुणी या दोन आकड्यांचा आलेख काढला, तर न झालेली ‘वाढ’ त्यात दिसेल.

मग ४४०? योहान शायब्लर यांनी १८३४ मध्येच तो सुचवला होता. १९३९ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो ठरला आणि पुढे आयएसओनेही घेतला. ४३९ न घेण्यामागे एक रोकडं कारण होतं. रेडिओवरून प्रमाण स्वर पाठवायचा तर तो सेकंदाला दहा लाख कंपनांच्या स्फटिकापासून तयार करायचा. त्याला १००० ने भागा, ११ ने गुणा, २५ ने भागा: ४४० मिळतात. ४३९ ही मूळ संख्या आहे. अशा लहान लहान गुणाकार-भागाकारांनी ती मिळत नाही.

आता परत पेटीकडे. ४४० पासून ४३५ किती सेंट खाली? १९.८. म्हणजे माझा ‘२० सेंट उतरलेला’ सूर कदाचित उतरलेला नसेलच. पेटी मूळची पॅरिसची, आणि आपल्याकडच्या चांगल्या जुन्या पेट्यांत पॅरिसहून आलेले सूर बसवलेले असत. ती ज्या मापाला मिळवली, त्याच मापावर आजही असू शकते.

हे तपासायचं कसं? मी पुढच्या वेळी एकच पट्टी न दाबता सगळ्या पट्ट्या एकामागून एक मोजल्या, भाता सारख्या जोराने चालवत. धूळ, गंज किंवा झीज असेल तर प्रत्येक सूर वेगवेगळा हलतो: कुणी ५ सेंट, कुणी ३०. मधल्या सप्तकात माझ्या पेटीचे बहुतेक सूर साधारण सारखेच खाली निघाले. ही मापाची खूण आहे, बिघाडाची नाही.

पण हा पुरावा नव्हे, खूणच. पेटी मिळवणारा कारागीर सुराचं टोक खरवडून तो चढवतो, मुळाशी खरवडून उतरवतो. मधल्या काळात कुणी तिला दुसऱ्या एखाद्या पेटीशी मिळवली असेल, तरी सगळे सूर एकसारखे सरकतील. सुरांवर भिंग धरून खरवडल्याच्या रेघा पाहणं अजून बाकी आहे.

तोवर वहीतली ती ओळ मी खोडली आहे. आता तिथे लिहिलंय: ‘४४० च्या तुलनेत सुमारे २० सेंट खाली, बहुतेक सूर सारखे, खोलीचं तापमान ३१ अंश. कारण अनिश्चित, ४३५ ची शक्यता.’ ओळ लांबली खरी, पण आता ‘कशापासून?’ असं कुणी विचारलं तर तिच्यात उत्तर आहे.