तळटीप : तिप्पट प्रवाहाचे कारण

* ग्रंथकर्त्याने येथे तिप्पट प्रवाहाचा केवळ निर्देश केला आहे. त्याची उपपत्ती अशी. प्रत्येकी २४ ओहम रोधाची तीन समान तापक-वेटोळी ४१५ व्होल्टच्या तीन-फेज पुरवठ्यावर स्टार पद्धतीने जोडली, तर प्रत्येकाच्या वाट्यास लाइनदाबाचा √३ ने भागलेला अंश, म्हणजे सुमारे २४० व्होल्ट, येतो, आणि लाइन व वेटोळे एकाच मार्गात असल्यामुळे दोहोंतून १० अँपिअरच वाहतात. तीच वेटोळी डेल्टात जोडली असता प्रत्येकावर पुरता लाइनदाब पडून त्यातून १७.३ अँपिअर जातात. परंतु प्रत्येक लाइन दोन वेटोळ्यांच्या सांध्यास मिळत असल्याने तिचा प्रवाह हा परस्परांपासून १२० अंशांनी ढळलेल्या त्या दोन प्रवाहांचा सदिश फरक ठरतो, आणि म्हणून तो दुप्पट न होता √३ पट, म्हणजे ३० अँपिअर, भरतो. साधी बेरीज करून ३४.६ लिहिणे ही विद्यार्थ्यांची नित्याची चूक होय. अर्थात हा हिशेब तिन्ही वेटोळी समान असतील तोवरच खरा. २४० व्होल्टांसाठी घडवलेले वेटोळे डेल्टात तिप्पट शक्ती घेऊन जळते. सबब जोडणी बदलण्यापूर्वी नामपट्टीवरील दाब वाचकाने अवश्य पाहावा. — संपादक